शाळेचे छप्पर, टीप क्रमांक ३४

कंपनीला नफा किती झाला, याचं उत्तर कोण विचारतंय त्यावर ठरतं. कर्ज मंजूर करायला बँकेचा माणूस आला की नफा अंगापिंडाने भरलेला दिसतो. आयकर खात्याचं पत्र आलं की तोच नफा अंग चोरून कोपऱ्यात बसतो. दिवाळीच्या बोनसची बोलणी सुरू झाली की युनियनसमोर तर त्याला नीट श्वासही घेता येत नाही. १ एप्रिल २०१४ पासून या घरात आणखी एक भाऊ जन्माला आला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली समाजावर किती पैसे खर्च करायचे हे ठरवण्यासाठी कलम १९८ प्रमाणे जो नफा काढतात, तो हा. आयकर वजा करण्याआधीचा. त्यात जमीन विकून मूळ किमतीच्या वर मिळालेला फायदा धरायचा नाही. त्यामुळे ज्या वर्षी मालकांनी जमीन विकून सगळ्यांना पेढे दिले, त्या वर्षी समाजाच्या वाट्याला पेढाच येतो.

आमची कंपनी चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग करते आणि मी तिथे हिशेब बघतो. सीएसआरच्या कायद्याला तीन दारं आहेत. ५०० कोटींची नक्त मत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांतलं एक जरी आदल्या वर्षी जमलं तरी तुम्ही आत. आम्ही तिसऱ्या दाराने आत गेलो आणि मग बाहेर पडायला जागाच सापडेना. मागच्या तीन वर्षांचे नफे अनुक्रमे ८, १२ आणि १० कोटी. सरासरी १० कोटी, तिचे दोन टक्के म्हणजे २० लाख. रक्कम ५० लाखांच्या आत असली की वेगळी सीएसआर समिती नेमायची सक्ती नाही, संचालक मंडळानेच ते काम उरकायचं. म्हणून आमच्याकडे समाजाची जबाबदारी विषयपत्रिकेवर बाराव्या क्रमांकाला असते, चहाच्या अगदी आधी.

पैसे कशावर खर्च करता येतात, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, वारसास्थळं, ग्रामीण खेळ असं बरंच काही. पण कंपन्यांचं मन शेवटी शाळेवरच बसतं, आणि त्याला कारण आहे. पर्यावरणाचा फोटो काढायचा तर रोपाशेजारी वाकावं लागतं. वारसास्थळाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. शाळेत मात्र रंगवायला भिंत असते, ओळीत उभी राहणारी मुलं असतात आणि कशालाही नको न म्हणणारे मुख्याध्यापक असतात. आमच्या एका संचालकांनी स्वतःच्या गावची शाळा सुचवली. गाव तीन जिल्हे पलीकडे. कायदा म्हणतो की कंपनी जिथे चालते त्या भागाला प्राधान्य द्या. मी हे वाक्य वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, ‘‘प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे ना?’’ सक्ती नव्हे, हे खरं होतं. पण एमडींचं गाव चौथ्या जिल्ह्यात असल्यामुळे प्राधान्याचा विजय झाला आणि कारखान्यापासून साठ किलोमीटरवरची जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा ठरली. पट ७४. मागणी दोन गोष्टींची होती. बसायला बाकं, आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह.

बाकं आम्ही थेट घेतली. ४० बाकं, प्रत्येकी ५ हजार, म्हणजे २ लाख. वर १८ टक्के जीएसटी ३६ हजार. एकूण २ लाख ३६ हजार. जानेवारीत टेम्पो भरून माल परस्पर शाळेत गेला आणि बिल आमच्याकडे आलं.

बिल आमच्या खात्यातल्या नव्या मुलीने नोंदवलं. मुलगी हुशार. बिलावर ‘बेंच’ लिहिलेलं दिसल्यावर तिने टॅलीमध्ये फर्निचर खात्याला नावे टाकलं, ३६ हजारांच्या जीएसटीची वजावट धरली आणि दहा वर्षांच्या हिशेबाने घसाराही लावून टाकला. नियमाप्रमाणे फर्निचरचं आयुष्य दहा वर्षंच असतं. फक्त ते फर्निचर आपलं असावं लागतं.

फेब्रुवारीत ऑडिटरकडचा आर्टिकलशिपचा मुलगा मालमत्तेची प्रत्यक्ष तपासणी करायला आला. हातात यादी. नव्या खरेदीत ४० बाकं. त्याने कॅन्टीन पाहिलं, ट्रेनिंग रूम पाहिली, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये वाकून पाहिलं. दुपारी तो घामाघूम होऊन माझ्यासमोर उभा राहिला.

‘‘सर, बाकं दिसत नाहीत.’’

‘‘दिसतील. त्यांच्यावर तिसरी बसलीय.’’

ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही, आणि ती पकडायची खूण सोपी आहे. मालमत्तेच्या रजिस्टरात ‘ठिकाण’ नावाचा रकाना असतो. तिथे एखाद्या वस्तूपुढे कारखान्यातल्या खोलीऐवजी गावाचं नाव दिसलं, किंवा काहीच दिसलं नाही, तर ती वस्तू बहुधा दान झालेली असते. कंपनीला मालमत्ता म्हणून तीच गोष्ट दाखवता येते, जिच्यावर तिचा ताबा आहे आणि जिच्यापासून पुढे तिला काही आर्थिक लाभ होणार आहे. तिसरीतल्या मुलांकडून आम्हाला लाभ झालाच तर तो पंधरा वर्षांनी, आणि तोही ती मुलं आमच्याकडे नोकरीला लागली तर. ताळेबंद इतका आशावादी नसतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सीएसआरच्या बंधनापोटी घेतलेल्या वस्तूंवरच्या कराची वजावट मिळणार नाही. म्हणजे सरकार सांगतं की शाळेला बाकं द्या, आणि दिली की त्यावरचा करही घेतं. शेवटी घसारा काढला, वजावट उलटवली आणि पूर्ण २ लाख ३६ हजार एका ओळीत गेले. सीएसआर खर्च खाते नावे, पुरवठादाराच्या खात्याला जमा, शाळेस बाके दिल्याबद्दल. त्या मुलीने मला विचारलं, ‘‘म्हणजे सर, ज्या दिवशी बाक शाळेत पोहोचला त्याच दिवशी आपल्या पुस्तकात त्याची किंमत शून्य?’’ मी हो म्हणालो. ती म्हणाली, ‘‘आमच्या सोसायटीतल्या लग्नाच्या आहेरासारखं.’’

स्वच्छतागृहाचं प्रकरण याहून मोठं. उरलेले १७ लाख ६४ हजार त्याचेच. एमडींनी नकाशा पाहिला, टाइल्सचा रंग निवडला आणि सहज विचारलं, ‘‘हे आपल्या ताळेबंदात कुठल्या पानावर दिसेल?’’

‘‘दिसणार नाही साहेब.’’

‘‘साडेसतरा लाखांचं बांधकाम आणि दिसणार नाही?’’

‘‘आपल्याला ते स्वतःच्या नावावर ठेवताच येत नाही.’’

जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून हे पक्कं झालं आहे. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडेच असायला हवी. आमच्या बाबतीत जागा जिल्हा परिषदेची, तेव्हा इमारतही तिचीच. एमडींना हे पटेना. ‘‘पण वर नाव आपलं असेल ना?’’ मी सांगितलं की नाव म्हणजे ताबा नव्हे. घराच्या दारावर भाडेकरूचंही नाव असतं.

त्यावरून पाटीचा विषय निघाला आणि संचालक मंडळाची पाऊण तासाची करमणूक झाली. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये बसत नाही. तेव्हा ‘टिकाऊ ब्रेक पॅड, विश्वासाचं नाव’ असलं काही लिहिता येणार नव्हतं. साधी पाटी चालते. एमडींना ती दुरून दिसेल इतकी मोठी हवी होती. मार्केटिंगच्या प्रमुखांना मात्र कंपनीचं बोधचिन्ह मुताऱ्यांच्या वर कायमचं बसवावं की नाही, याची रात्रभर काळजी लागून राहिली होती. त्यांनी सुचवलं की बोधचिन्ह हात धुण्याच्या बेसिनपाशी असावं. सांडपाण्याच्या टाकीचा आकार मात्र कोणी विचारला नाही. ती जमिनीखाली जाते आणि तिच्यावर पाटी बसत नाही.

बांधकाम एका सेवाभावी संस्थेमार्फत करायचं ठरलं. अशा संस्थेला सरकारदरबारी सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. या संस्थेकडे तो होता. जिल्हा परिषदेचं ना-हरकत, ग्रामपंचायतीचा ठराव, अभियंत्याचं अंदाजपत्रक, सगळं जमलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही पूर्ण १७ लाख ६४ हजार संस्थेच्या खात्यात भरले, आणि आमच्याकडे सगळ्यांना वाटलं की समाजाचं काम संपलं.

या समजुतीवर देशभरातल्या कंपन्यांचे मार्च महिने चालतात. पैसे संस्थेला दिले म्हणजे खर्च झाले असं नाही. संस्थेने ते कामावर घातले तर ते खर्च झाले. तोवर आमच्या पुस्तकात ती उचल असते, येणं असतं. संस्थेच्या पुस्तकात तीच रक्कम राखीव निधी म्हणून देण्याच्या बाजूला पडलेली असते. म्हणजे आम्ही म्हणतो संस्थेकडून आमचं काम येणं आहे, संस्था म्हणते आमच्यावर त्या कामाचं देणं आहे, आणि दोघांच्या मधोमध गवंडी म्हणतो वाळू आली नाही. पैसे मंजूर कामासाठीच वापरले गेले, असं कंपनीच्या वित्तप्रमुखाला सही करून प्रमाणित करावं लागतं. आमचे वित्तप्रमुख तसे धीट आहेत. एकदा त्यांनी लिफ्ट बंद पडली असताना आत बसून जीएसटी रिटर्न भरलं होतं. पण या सहीच्या आधी ते दोनदा हात धुऊन आले.

मार्चच्या मध्याला मी शाळेत जाऊन आलो. जोतं झालं होतं, भिंती उभ्या होत्या, वर निळी ताडपत्री होती. संस्थेच्या समन्वयकांना विचारलं, ‘‘छप्पर?’’ ते म्हणाले, ‘‘होऊन जाईल.’’ मराठीत ‘होईल’ म्हटलं तर थोडी आशा असते. ‘होऊन जाईल’ म्हटलं की आपण दुसरी सोय बघावी.

दुसरी सोय म्हणजे दोन शब्द, आणि या सगळ्या कायद्यात माझ्या मते त्यांच्याइतके महागडे शब्द दुसरे नाहीत. ‘चालू प्रकल्प’. वर्षअखेर जे पैसे खर्च व्हायचे राहिले, ते कुठे जाणार हे या शब्दांवर ठरतं. प्रकल्प ‘चालू’ म्हणून संचालक मंडळाने ठरवलेला असेल, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत एका खास बँक खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर वापरायची. प्रकल्प ‘चालू’ नसेल, तर तीच रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान मदत निधी किंवा परिशिष्टातल्या तशाच एखाद्या निधीत भरायची. भरली नाही तर त्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांतलं जे कमी असेल तो कंपनीला दंड, आणि अधिकाऱ्यांना वेगळा. म्हणजे सभेच्या इतिवृत्तात दोन शब्द राहून गेले तर गावच्या शाळेचं छप्पर थेट दिल्लीला जातं. तिथे त्याचा सदुपयोगच होत असेल. पण शाळेत पाऊस चाकणच्याच ढगातला पडतो.

एक वर्षाचा म्हणून घेतलेला प्रकल्पही सबळ कारण असेल तर मंडळाला पुढे वाढवता येतो. म्हणून २८ मार्चला, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, तातडीची सभा झाली. कारण काय लिहायचं? एका संचालकांनी ‘अपरिहार्य परिस्थिती’ सुचवलं. मी म्हटलं, साहेब, वाळू लिहा. ऑडिटरला वाळू तपासता येते, परिस्थिती तपासता येत नाही. ठरावात वाळूची टंचाई आली, प्रकल्प ‘चालू’ झाला, आणि छप्पर गावातच राहिलं.

आता संस्थेने सरळ लिहून पाठवायचं होतं की एवढं झालं, एवढं बाकी. पण संस्थांना वर्षानुवर्षं एकच अनुभव आलेला असतो. कंपनीला ३१ मार्चला पूर्ण खर्चाचा कागद लागतो आणि तो नसला की पुढच्या वर्षी दुसरी संस्था असते. त्यामुळे आम्ही मुदत वाढवली हे कळायच्या आतच त्यांचं उपयोगिता प्रमाणपत्र दारात हजर झालं. पूर्ण १७ लाख ६४ हजार. सोबत ठेकेदाराची तीन बिलं आणि फोटो.

फोटो सुंदर होता. गणवेशातली मुलं, मागे भिंती, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, गावाचं नाव आणि तारीख ३१ मार्च २०२४. ऑडिटर बाईंनी चष्मा वर केला, मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, ‘‘त्या दिवशी रविवार होता ना?’’

होता. त्या दिवशी सरकारी भरणा घेणाऱ्या बँका रिझर्व्ह बँकेने उघड्या ठेवायला लावल्या होत्या, पण चौथीपर्यंतची शाळा उघडी ठेवायचा आदेश कुणी काढला नव्हता. समन्वयक फोनवर म्हणाले, ‘‘मॅडम, मुलं फार उत्साही आहेत.’’ बाईंनी मग बिलं पुढे ओढली. जानेवारीचं बिल क्रमांक ४१, फेब्रुवारीचं ४२, मार्चचं ४३. म्हणजे तीन महिन्यांत या ठेकेदाराने जगात दुसरं कुठलंही काम केलं नव्हतं, किंवा तिन्ही बिलं एकाच बैठकीत, एकाच पेनाने, बहुधा चहाच्या एकाच कपाशेजारी लिहिली होती. कपाचं वर्तुळ ४२ वर होतंच.

यातली गंमत अशी की चोरी कुणी केलीच नव्हती. उरलेले पैसे संस्थेच्या बँकेत जसेच्या तसे होते. संस्थेचे लोक खोटं बोलले ते निव्वळ कामाच्या दडपणापोटी. झालेलं काम मोजलं तेव्हा ९ लाखांचं भरलं. बाकी ८ लाख ६४ हजार ऑडिटर बाईंनी संस्थेकडून परत मागवायला लावले. संस्थेच्या खजिनदारांना हे फार लागलं. ‘‘दिलेलं दान परत घेता?’’ ते म्हणाले. मी समजावलं की परत घेत नाही, खास खात्यात टाकून पुन्हा तुम्हालाच देतो. ते म्हणाले, ‘‘मग आमच्याकडेच का नको?’’ याचं उत्तर कायद्याला ठाऊक आहे. मी फक्त धनादेश घेतला.

आता ३१ मार्चच्या ताळेबंदाकडे बघा. एमडींना जे पान हवं होतं ते इथे सापडलं. संस्थेकडे अडकलेले ८ लाख ६४ हजार आमच्या येण्यात. तेवढंच काम करायचं राहिलं म्हणून ८ लाख ६४ हजार सीएसआर देणं. जे छप्पर शाळेवर नव्हतं ते आमच्या ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंना होतं. ज्या ९ लाखांच्या भिंती खरोखर उभ्या होत्या, त्यांचा मात्र ताळेबंदात मागमूस नव्हता. त्या नफा-तोटा पत्रकातून खर्च म्हणून कधीच्या निघून गेल्या होत्या. मी एमडींना समजावलं, ‘‘साहेब, जोवर छप्पर होत नाही तोवर ते आपल्या पुस्तकात राहील. ज्या दिवशी स्लॅब पडेल त्या दिवशी पुस्तकातून जाईल.’’

ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘‘मग घाई नको.’’

नफा-तोटा पत्रकात पूर्ण २० लाख एकाच ओळीत, ‘इतर खर्च’ या गटात बसले. वरती वाहतूक, खाली विमा, मध्ये समाज. त्या ओळीशेजारी बारीक आकडा ३४, म्हणजे तपशील हवा असेल तर टीप क्रमांक ३४ पाहा. तिथे छोटा तक्ता आहे. खर्च करायला हवे होते २० लाख. प्रत्यक्ष दिले ११ लाख ३६ हजार, म्हणजे बाकांचे २ लाख ३६ हजार आणि भिंतींचे ९ लाख. द्यायचे राहिले ८ लाख ६४ हजार. तुटीचं कारण, वाळू. तक्त्यात आणखी दोन ओळी असतात. एक ‘मालमत्ता बांधणी किंवा खरेदी’ आणि दुसरी ‘त्याव्यतिरिक्त’. आमचे सगळे पैसे पहिल्या ओळीत. म्हणजे जी मालमत्ता आमची नाही असं सिद्ध करायला मी जानेवारीपासून झटलो, ती टिपेत ‘मालमत्ता’ म्हणूनच छापून आली. नवी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पाणी प्यायलो.

आयकराचं तर बोलायलाच नको. २०१४ च्या दुरुस्तीनंतर सीएसआरचा खर्च हा धंद्यासाठी केलेला खर्च मानतच नाहीत, त्यामुळे करपात्र नफा काढताना २० लाख पुन्हा मिळवायचे. आमच्या दराने, अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के, जो पाच लाखांच्या आसपासचा कर दुसऱ्या कुठल्याही खर्चावर वाचला असता तो इथे वाचला नाही. एमडींनी विचारलं, ‘‘म्हणजे सरकार म्हणतं खर्च करा, आणि केला की म्हणतं हा खर्चच नाही?’’ मी म्हटलं, कंपनी कायद्याचं सरकार वेगळं आणि आयकराचं वेगळं. दोघांची गाठ पडते ती फक्त आमच्या टेबलावर.

वार्षिक अहवालाच्या सीएसआर जोडपत्रात तयार झालेल्या मालमत्तेचा पत्ता, पिनकोड, तारीख, रक्कम आणि ती कुणाच्या नावावर आहे, हे द्यावं लागतं. त्यामुळे आमच्या चकचकीत अहवालात एमडींच्या मनोगतानंतर काही पानांनी एका स्वच्छतागृहाचा पिनकोड आहे. भागधारकांना पत्र टाकायचं असेल तर टाकता येईल. त्याने गावातल्या मुलींना किती फरक पडला, याचं मोजमाप करायची मात्र आम्हाला सक्ती नाही. ती ज्यांचं सीएसआर सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे त्यांना. आम्हाला पिनकोड पुरतो.

छप्पर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झालं. खास खात्यातून ८ लाख ६४ हजार गेले, देणं फिटलं, आणि माझ्या शब्दाप्रमाणे त्याच दिवशी छप्पर पुस्तकातून उडालं. पुढच्या वर्षीच्या टिपेत फक्त एक हालचाल उरली. सुरुवातीची शिल्लक ८ लाख ६४ हजार, खर्च तेवढाच, अखेरची शिल्लक शून्य.

हस्तांतराच्या दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांचं पुस्तक दाखवलं. जाड, लाल पाठीचं डेडस्टॉक रजिस्टर. आमच्या पुस्तकात जन्मतःच शून्य झालेली ४० बाकं तिथे ठसठशीत शाईत, २ लाख ३६ हजारांनी नोंदलेली, शेरा ‘देणगी’. या पुस्तकात घसारा नावाची भानगड नसते. एक पाय गेलेली, १९८७ साली घेतलेली खुर्चीही तिथे अजून पूर्ण किमतीला उभी होती. वस्तू मोडली तरी रजिस्टरातून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो केंद्रप्रमुखांमार्फत वर जायचा आणि मंजुरी येईपर्यंत वस्तू सांभाळायची. शाळेत चार खोल्या. पैकी एकीत जुनी बाकं छतापर्यंत रचलेली होती. नवी बाकं आल्यामुळे जुनी बाहेर पडली, पण निर्लेखन न झाल्याने शाळेबाहेर पडू शकली नाहीत. त्यामुळे दुसरी आणि तिसरीचे वर्ग आता एका खोलीत, नव्या कोऱ्या बाकांवर, दाटीवाटीने बसतात. ‘‘सर, पुढच्या वर्षी एक खोली देता का?’’ मुख्याध्यापकांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘गुरुजी, निर्लेखन करा, खोली फुकट मिळेल.’’ ते हसले. त्यांना दोन्हींपैकी सोपं काय, ते माहीत होतं.

यू-डायसच्या फॉर्ममध्ये स्वच्छतागृहांचे दोन आकडे विचारतात, एकूण किती आणि वापरात किती. कुठल्याही शाळेत सीएसआर नीट झालं का, हे बघायचं असेल तर टीप क्रमांक ३४ वाचू नका, या दोन आकड्यांमधली वजाबाकी करा. ती वजाबाकी पाण्याची असते. टाकीत पाणी चढवायला मोटर लागते, मोटरला वीज, विजेला बिल, आणि झाडायला माणूस. एवढ्या पटाच्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान आहे. त्यातच खडू, दुरुस्ती, वीज, साबण. आमच्या २० लाखांत या खर्चाचा एक रुपयाही नव्हता, आणि कायद्याने नको म्हटलं होतं म्हणून नव्हे. देखभालीला मनाई कुठेच नाही. फक्त अंदाजपत्रक करताना ते कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, मी टाइल्सचा दर तपासत होतो.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांचं पत्र आलं. सांडपाण्याची टाकी भरली आहे, उपसायला टँकरवाला अकरा हजार मागतो, आणि मोटरचं तीन महिन्यांचं बिल थकलं आहे. वर्षाला चाळीसेक हजारांची तरतूद केलीत तर स्वच्छतागृह बारा महिने चालेल. मी ते बाराव्या क्रमांकाला, चहाच्या आधी ठेवलं. शिक्षणाखाली बसतं, रक्कम किरकोळ आहे, नोंदही सोपी, ‘त्याव्यतिरिक्त’च्या ओळीत, असं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मार्केटिंगच्या प्रमुखांनी विचारलं, ‘‘टँकरवर पाटी लावता येईल का?’’

एमडी म्हणाले, ‘‘तो चालतो अख्ख्या गावातून, उघड्यावर. नकोच.’’ आणि विषय पुढच्या सभेवर गेला.